कुलरला हात लावला की मुंग्या येतात : अर्थिंग नेमकं काय करतं आणि काय करत नाही



देडतलाईत आणि आजूबाजूच्या गावांत चैत्र लागला की माळ्यावरचे कुलर खाली उतरतात. टाट्या बदलतात, पंप पाण्यात टाकतात, खिडकीला स्टँड लावून कुलर सुरू होतो. मग आठवडाभरात कुणाच्या तरी घरून एक वाक्य ऐकू येतं, "कुलर झिणझिण्या मारतो." पाणी टाकताना बोटांना मुंग्या येतात, पोरगं ओल्या पायानं जवळ गेलं की हात झटकन मागे घेतं. ज्यांनी नवीन एसी बसवला त्यांचीही तीच तक्रार असते. बहुतेक घरांत यावर उपाय एकच, "चप्पल घालून हात लाव."

चप्पल घातल्यावर मुंग्या थांबतात हे खरं. पण त्या का थांबतात हे कळलं, तर मुंग्या कशाच्या होत्या हेही कळतं. म्हणून या वेळी याच एका गोष्टीवर सविस्तर लिहितो आहोत. लांब आहे, पण सवडीनं वाचा, आणि घरात जो कुलरमध्ये पाणी टाकतो त्याला वाचून दाखवा.

आधी करंट पत्र्यावर येतो कुठून ते बघू. कुलरच्या मोटारीत तांब्याच्या तारेची वेटोळी असतात आणि ती लोखंडाच्या गाभ्यावर बसवलेली असतात. मधे कागद आणि वार्निशचा पातळ थर, एवढंच त्यांच्यातलं अंतर. मोटार बोल्टानं पत्र्याला बांधलेली असते. म्हणजे फेजची तार आणि तुमचा हात यांच्यामधे तो थर असतो. तो पूर्ण चांगला असला तरी अगदी थोडा करंट त्यातून पलीकडे जातोच. तलावाची पाळ कितीही पक्की बांधली तरी तिच्या पायथ्याशी थोडी ओल दिसते, तसं. पाळ फुटलेली नसते, पण पाणी झिरपत असतं.

हा झिरपलेला करंट जमिनीत जायला वाट शोधतो. अर्थिंगची वायर जोडलेली असेल तर तो गुपचूप तिकडून निघून जातो, कुणाला कळतही नाही. ती वायर नसेल तर पत्र्यावर दाब तयार होऊन राहतो आणि वाट बघत बसतो. तुम्ही ओल्या फरशीवर अनवाणी उभे राहून हात लावला की वाट मिळाली. तुमचं शरीरच अर्थिंगची वायर झालं. चप्पल घातली की ती वाट बंद होते म्हणून मुंग्या थांबतात, पत्र्यावरचा दाब मात्र तिथंच असतो. पुढचा माणूस चप्पल विसरला की त्याला तो मिळतो.

एसीबद्दल एक गोष्ट वेगळी सांगावी लागेल, कारण त्यावरून दुकानदाराशी भांडणं होतात. हल्लीच्या इन्व्हर्टर एसीत इलेक्ट्रॉनिक सर्किट असतं. त्याचा गोंगाट लाइनवर जाऊ नये म्हणून आत छोटे कंडेन्सर बसवलेले असतात, एक फेजपासून बॉडीपर्यंत आणि एक न्यूट्रलपासून बॉडीपर्यंत. हे कंपनीनंच बसवलेले असतात, कारण एसीला अर्थिंग असणारच असं धरून ती मशीन बनवलेली असते. अर्थिंग नसेल तर हे दोन कंडेन्सर मिळून बॉडीला अधल्या मधल्या दाबावर नेऊन ठेवतात. २३० व्होल्टच्या निम्मे म्हणजे सुमारे ११५ व्होल्ट. मिस्त्रीनं मीटर लावला की तो आकडा दिसतो आणि घरचे घाबरतात. तरीही हात लावल्यावर वाहणारा करंट एक मिलीअँपिअरच्या आसपास किंवा त्याहून कमी असतो, कारण कंडेन्सर त्याहून जास्त जाऊच देत नाहीत. मुंग्या येतात, बाकी काही होत नाही. अशा वेळी एसी खराब नसतो, घरातलं अर्थिंग नसतं किंवा तुटलेलं असतं. एसी बदलून आणला तरी नवीनही तसाच मुंग्या मारेल.

मग घाबरायचं कशाला, असं कुणी म्हणेल. कारण असं की बोटाला दोन्ही मुंग्या सारख्याच लागतात. कंडेन्सरमधून आलेल्या निरुपद्रवी मुंग्या, आणि आतला थर कुजत चाललाय त्याच्या मुंग्या. हातानं फरक कळत नाही. टेस्टरनंही कळत नाही, कारण टेस्टरचा निऑन दिवा नगण्य करंटवर पेटतो. एक मिलीअँपिअर येणार असेल तरी पेटतो आणि माणूस मारणारा करंट असेल तरी तसाच पेटतो. "टेस्टर थोडाच पेटतो, म्हणजे थोडाच करंट आहे" हे आम्ही खूप ठिकाणी ऐकलं आहे. त्यावर भरवसा ठेवू नका.

किती करंटानं काय होतं याचे चार आकडे लक्षात ठेवले तर पुढचं सगळं सोपं जाईल. अर्ध्या ते एक मिलीअँपिअरला मुंग्या जाणवतात. दहाच्या आसपास गेलं की हाताचे स्नायू आकसतात आणि धरलेली वस्तू सोडता येत नाही. तीसच्या वर काही सेकंद राहिलं तर श्वास आणि हृदय दोन्ही धोक्यात येतात. आणि एक मिलीअँपिअर म्हणजे एका अँपिअरचा हजारावा भाग. साधा शंभर वॅटचा पिवळा बल्ब चारशेहून जास्त मिलीअँपिअर घेतो. म्हणजे माणूस मरायला बल्बाएवढाही करंट लागत नाही.

आता एक घर बघू. आपल्या भागातलंच आहे, नाव-गाव सांगत नाही. दोन खोल्या, लोखंडी बॉडीचा कुलर, खिडकीच्या ग्रिलला टेकवलेला. कुलर नीट थंड हवा देत होता, पण पाणी टाकताना घरच्या वहिनींना मुंग्या येत. आधी कधीतरी, मग रोज. एक दिवस त्यांच्या दिरानं ओलं जाळं त्याच खिडकीच्या ग्रिलला वाळत टाकलं, आणि जाळं सारखं करताना त्यालाही झटका लागला. कुलरला हात लागलाच नव्हता. पण कुलर ग्रिलला टेकलेला, ग्रिल लोखंडी, जाळं ओलं आणि त्याला शिशाच्या गोळ्या. सगळं मिळून एकच तार झाली होती.

मिस्त्री आला. त्यानं पहिल्यांदा प्लग काढला आणि त्यानंतरच कुलरला हात लावला. हे मुद्दाम सांगतो, कारण स्विच बंद करणं आणि प्लग काढणं यात फरक आहे. बऱ्याच बोर्डांत वायरी उलट्या जोडलेल्या असतात, तेव्हा स्विच न्यूट्रल तोडतो आणि फेज कुलरपर्यंत तशीच जात राहते. कुलर बंद दिसतो, पण आत फेज असते.

मग त्यानं मेगर लावला. मेगर म्हणजे आतला थर किती धरून आहे ते मोजणारं यंत्र. आकडा मेगाओहममध्ये येतो, आणि जितका मोठा तितका चांगला. साधारण एक मेगाओहमच्या खाली गेला तर ती वस्तू दुरुस्त करायची, असा कारागिरांचा नेम आहे. पंख्याच्या मोटारीचा आकडा आला चाळीस मेगाओहम, म्हणजे उत्तम. पाण्यातल्या पंपाचा आकडा आला ०.२ मेगाओहम. चोर तिथं होता. दोन-तीनशे रुपयांचा छोटा पंप, त्याच्या वायरीच्या तोंडाशी लावलेला गोंद तडकला होता आणि पाणी आत जात होतं. बोअरच्या क्षारयुक्त पाण्यानं तिथं पांढरा थर धरला होता. क्षार असलेलं पाणी करंट चांगलं वाहून नेतं, त्यामुळे ते काम आणखी सोपं झालं.

हिशोब करून बघा. २३० व्होल्टला ०.२ मेगाओहमनं, म्हणजे दोन लाख ओहमनं भागलं की १.१५ मिलीअँपिअर येतात. वहिनींना लागत होत्या त्या बरोबर एवढ्याच मुंग्या. पण हाच पंप आणखी महिनाभर पाण्यात राहिला आणि त्याचा आकडा दहा हजार ओहमवर आला असता, तर हिशोब २३ मिलीअँपिअरपर्यंत जातो. तिथं हात सुटत नाही. आणि गोंद पूर्ण सुटून तार सरळ पाण्याला लागली, तर मधे अडवायला फक्त माणसाचं शरीर उरतं. ओले हात, ओले अनवाणी पाय असलेल्या माणसाचा अडथळा हजार-दोन हजार ओहम धरतात. दीड हजार धरला तर दीडशे मिलीअँपिअर. कुलर एकच, पंप एकच, सुरुवात त्याच मुंग्यांनी झालेली. म्हणून मुंग्या वाढत असतील, काल कमी होत्या आणि आज जास्त आहेत, तर तो कंडेन्सरचा खेळ नाही. कंडेन्सरच्या मुंग्या रोज सारख्याच राहतात. वाढणाऱ्या मुंग्या म्हणजे आत काहीतरी कुजतंय.

पंप बदलला. पण मिस्त्री तिथं थांबला नाही, त्यानं बोर्ड उघडला, आणि आम्हाला वाटतं खरी गोष्ट तिथं होती.

सॉकेटला तीन भोकं असतात. वरचं मोठं भोक अर्थिंगचं, समोरून बघताना उजवीकडचं फेजचं, डावीकडचं न्यूट्रलचं. प्लगची वरची पिन जाड आणि लांब असते, कारण लावताना अर्थिंग सगळ्यात आधी जोडलं जावं आणि काढताना सगळ्यात शेवटी सुटावं. त्या घरात कुलरची वायर दोनच तारांची होती आणि प्लगही दोन पिनांचा. म्हणजे अर्थिंग कुलरपर्यंत पोहोचतच नव्हतं. पण सॉकेटमध्ये त्याहून वाईट होतं. वरच्या भोकातून एक छोटी वायर सरळ डाव्या भोकाला, म्हणजे न्यूट्रलला जोडलेली. खड्ड्यापासून वायर ओढायचा कंटाळा आला की कुणीतरी असं करून ठेवतं आणि सांगतं, "झालं अर्थिंग." टेस्ट लॅम्प लावला तर पेटतो, मुंग्या जातात, घरमालक खूष.

यात धोका कुठे आहे ते नीट समजून घ्या. आपल्याकडे खांबावरून घरात दोनच वायरी येतात, फेज आणि न्यूट्रल. वादळात, वाऱ्यात किंवा सैल जोडामुळे बाहेर न्यूट्रल तुटली, तर घरातले दिवे विझतात. सगळ्यांना वाटतं लाइट गेली. पण फेज आलेलीच असते. ती बल्बातून, पंख्यातून पलीकडच्या न्यूट्रलच्या तारेवर येते आणि तिला परतीची वाट नसते, म्हणून घरातली सगळी न्यूट्रल फेजसारखी जिवंत होते. आता तुमच्या सॉकेटात न्यूट्रल अर्थिंगच्या भोकाला जोडलेली असेल तर कुलर, फ्रिज, मासळीचा डीप फ्रीजर, लोखंडी बॉडीचा बॅटरी चार्जर, सगळ्यांच्या बॉडीवर २३० व्होल्ट. लाइट गेली म्हणून बंद कुलर बाजूला सरकवायला जाणारा माणूस त्यात सापडतो. कुलर खराब नसताना, मोटार उत्तम असताना. त्या घरातल्यासारखी दोन तारांची वायर वापरणारा तात्पुरता वाचतो, तीन तारांची वायर आणून तीन पिनांचा प्लग लावणारा बिचारा अडकतो. म्हणून तीन पिनांचा प्लग लावण्याआधी बोर्ड उघडून ही छोटी वायर आहे का ते बघून घ्या. असली तर आधी ती काढायला लावा.

बोर्ड तपासल्यावर मिस्त्री खड्ड्याकडे वळला. घरामागं खड्डा होता, दहा-बारा वर्षांपूर्वी केलेला. घरमालक म्हणाले, "भाऊ, कोळसा-मीठ सगळं टाकलेलं आहे, पाइपही आहे." मिस्त्रीनं फेज आणि अर्थिंगच्या मधे शंभर वॅटचा बल्ब लावला. बल्ब लख्ख पेटला. घरमालक म्हणाले, "बघा, चांगलं आहे." मिस्त्री म्हणाला, "थांबा काका, मीटर लावतो."

बल्ब नसताना फेज ते अर्थिंग २३० व्होल्ट होते. बल्ब लावल्यावर २१८. बारा व्होल्ट कमी झाले. बल्बातून साधारण ०.४३ अँपिअर वाहत होते. बारा भागिले ०.४३ म्हणजे जवळपास २८ ओहम. एवढा अडथळा जमिनीच्या वाटेत होता, त्यातले दोन-तीन डीपीच्या बाजूचे धरा, बाकी सगळे या खड्ड्याचे. बारा व्होल्ट कमी झाल्यावर बल्बाचा उजेड डोळ्याला फारसा कमी दिसत नाही. म्हणून बल्ब पेटला की अर्थिंग चांगलं, हा समज फसवा आहे. बल्ब पेटला तर वायर जोडलेली आहे एवढंच कळतं. आणि हा प्रयोग घरी करून बघू नका. खड्डा पूर्ण तुटलेला असेल तर बल्बातून आलेली फेज अर्थिंगच्या वायरीवरून घरातल्या प्रत्येक बॉडीवर जाते. मिस्त्री करताना तो आधी सगळे प्लग काढायला लावतो, ते याच कारणानं.

२८ ओहम म्हणजे चांगलं की वाईट? इथं बहुतेकांची समजूत अपुरी असते, आणि आमच्या मते या सगळ्या विषयातली ही सगळ्यात कामाची गोष्ट आहे.

मुंग्यांसाठी २८ ओहम भरपूर चांगलं आहे. १.१५ मिलीअँपिअर गुणिले २८ म्हणजे पत्र्यावर ०.०३ व्होल्ट राहतात. काहीच जाणवणार नाही. पण फेजची तार तुटून सरळ पत्र्याला लागली तर? २३० भागिले २८ म्हणजे ८.२ अँपिअर वाहतील. लाइनवर सोळा अँपिअरची एमसीबी आहे. आठ अँपिअरला ती कधीच पडणार नाही, तिच्या दृष्टीनं हा साधा लोड आहे, इस्त्री चालू असल्यासारखा. आणि पत्र्यावर किती व्होल्ट राहतील? आठ अँपिअर गुणिले खड्ड्याचे पंचवीस ओहम, दोनशेच्या वर. म्हणजे अर्थिंग आहे, एमसीबी आहे, आणि तरी कुलरवर दोनशे व्होल्ट तासन् तास बसून राहतील. मीटर जोरात फिरेल, खड्डा गरम होईल, एमसीबी जागची हलणार नाही.

मग खड्डा नवीन केला तर? त्या घरी नवीन केला. चाळीस मिलिमीटरच्या आसपास जाडीचा गॅल्व्हनाइज्ड पाइप, अडीच मीटर लांब, भिंतीपासून दीड मीटर लांब, भोवती कोळसा आणि मिठाचे थर, वर पाणी टाकायला नरसाळं. अर्थिंगच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस ३०४३ मध्ये, पाइपच्या अर्थिंगसाठी साधारण हेच माप आहे. मिठानं ओल धरून राहते पण पाइपही लवकर गंजतो, म्हणून जुन्या खड्ड्यात वायरीचा जोड वरून दिसायला चांगला आणि खाली पाइप खाऊन गेलेला असं होतं. नव्या खड्ड्यावर तोच बल्ब लावला तर तीन व्होल्टच कमी झाले. म्हणजे सात ओहम. खूपच सुधारणा. पण फेज पत्र्याला लागली तर आता २३० भागिले ७, तेहतीस अँपिअर. सोळाची एमसीबी तेहतीसला पडेल, पण झटक्यात नाही. ती गरम होऊन पडते, त्याला मिनिटभर किंवा जास्तही लागू शकतं. झटक्यात पडायला सोळाच्या साध्या सी प्रकारच्या एमसीबीला ऐंशी ते एकशे साठ अँपिअर लागतात. घरच्या खड्ड्यातून तेवढा करंट काढायचा तर डीपीची बाजू धरून सगळी वाट तीन ओहमच्याही बरीच आत पाहिजे, आणि खाली मुरूम-खडक असेल तर वैशाखात तो होत नाही.

याचा अर्थ अर्थिंग निरुपयोगी, असा बिलकुल काढू नका. याचा अर्थ अर्थिंगला जोडीदार लागतो. त्याचं नाव आरसीसीबी. ही एमसीबीसारखीच दिसते, पण काम वेगळं करते. फेजनं किती करंट गेला आणि न्यूट्रलनं किती परत आला हे ती सारखं मोजत असते. दोन्ही सारखे असतील तर गप्प. फरक पडला, म्हणजे काही करंट तिसऱ्या वाटेनं, पत्र्यातून, जमिनीतून किंवा माणसातून गेला, की डोळ्याचं पातं लवायच्या आत लाइन तोडते. घरासाठी ३० मिलीअँपिअरची घ्यायची, हे तिच्यावर छापलेलं असतं. १०० आणि ३०० चीही मिळते, स्वस्त म्हणून ती घेऊ नका, ती आगीपासून राखायला असते, माणसाला नाही.

आता पुन्हा त्या जुन्या २८ ओहमच्या खड्ड्याचा हिशोब लावा. फेज पत्र्याला लागली, आठ अँपिअर जमिनीत निघाले. आरसीसीबीला फक्त ०.०३ अँपिअर पाहिजेत. ती त्याच क्षणी पडते, कुणी हात लावायच्या आधी. म्हणजे एमसीबीला जो खड्डा कमी पडत होता तोच खड्डा आरसीसीबीला पुरून उरतो.

मग कुणी विचारतं, आरसीसीबी आहे तर खड्डा कशाला? अर्थिंग नसेल तर तार पत्र्याला लागल्यावर करंटाला जायला वाट नाही, आरसीसीबी पडत नाही, पत्रा जिवंत राहून वाट बघतो. पहिला माणूस हात लावतो, करंट त्याच्यातून जातो, मग ती पडते. तो बहुतेक वाचेल, पण झटका त्यालाच बसेल, आणि शिडीवर किंवा ओल्या ओट्यावर असेल तर पडेल. अर्थिंग असलं की पत्रा जिवंत झाल्या झाल्या लाइन तुटते. शिवाय एका हातात फेज आणि दुसऱ्या हातात न्यूट्रल धरली तर आरसीसीबीला काही कळत नाही, जेवढं गेलं तेवढं परत आलं असंच तिला वाटतं. ती सगळ्या रोगांचं औषध नाही.

एक गंमत सांगतो, गंमत कसली, दुःखच आहे. आरसीसीबी बसवल्यावर काही घरांत ती सारखी पडते. घरचे वैतागतात, कुणीतरी येतो आणि तिला बाजूला ठेवून वायर सरळ जोडून देतो. "ही डुप्लिकेट होती." बहुतेक वेळा ती डुप्लिकेट नसते. एक तर कुठल्या तरी सॉकेटात न्यूट्रल आणि अर्थिंग जोडणारी ती छोटी वायर असते, त्यामुळे परतीचा करंट अर्थिंगकडून वाटला जातो आणि फरक पडतो. नाहीतर कुठलातरी पंप, गीझर, फ्रीजर आतून झिरपत असतो. शोधायची पद्धत सोपी आहे. सगळे प्लग काढा, आरसीसीबी वर करा, मग एकेक प्लग लावत जा. जो लावल्यावर पडली तो चोर. एकही प्लग नसताना पडत असेल तर दोष घरातल्या वायरिंगमध्ये आहे, बोर्ड उघडावे लागतील. तिच्यावर टेस्टचं बटण असतं, महिन्यातून एकदा दाबा. दाबल्यावर पडली नाही तर ती बदला.

आता घरच्या घरी काय बघता येईल ते. कुलरची वायर दोन तारांची आहे की तीन, हे तुम्हीच बघू शकता. तीन तारांच्या वायरीतली हिरवी किंवा हिरवी-पिवळी तार कुलरच्या बॉडीला स्क्रूनं आवळलेली पाहिजे, रंगावर नाही, रंग खरवडून उघड्या लोखंडावर. प्लगची वरची पिन कुणी कापून टाकली आहे का तेही बघा, जुन्या दोन भोकांच्या बोर्डात बसावा म्हणून पुष्कळ लोक ती कापतात. एक्स्टेन्शन बोर्डावर तीन भोकं असली तरी त्याच्या आत अर्थिंगची तार असतेच असं नाही, स्वस्तातल्या बोर्डांत वरचं भोक रिकामं असतं. एसी, कुलर, फ्रीजर त्यावर चालवू नका. आणि अर्थिंगची वायर नळाच्या पाइपाला बांधू नका. आता पाइप प्लॅस्टिकचे झाले, जमिनीपर्यंत काही जात नाही, आणि जिथं जुने लोखंडी आहेत तिथं तुमच्या कुलरचा करंट शेजारच्या नळाला येईल.

प्लॅस्टिक बॉडीचा कुलर घेतला म्हणजे सुटलो, असंही नाही. पंप त्यातही पाण्यातच असतो, मोटारीची बॉडी आणि पुढची जाळी काही मॉडेलमध्ये लोखंडी असते. पाणी टाकताना प्लग काढायचा नियम त्यालाही लागू आहे. ओली जाळी, कपड्यांची तार, हे कुलर किंवा एसी टेकलेल्या ग्रिलला बांधू नका.

कुणी चिकटलंच, तर त्याला हातानं ओढू नका, तुम्हीही चिकटाल. आधी मेन स्विच पाडा किंवा प्लग ओढा. ते जवळ नसेल तर कोरड्या लाकडानं किंवा कोरड्या बांबूनं माणसाला बाजूला ढकला. नावेचा बांबू वापराल तर बघून वापरा, तो बहुतेक वेळा ओला असतो. सुटल्यावर श्वास चालू नसेल तर छाती दाबायला लगेच सुरुवात करा आणि कुणाला तरी १०८ लावायला सांगा. शुद्धीवर असला, ठीक वाटत असला, तरी जोराचा झटका लागलेल्या माणसाला दवाखान्यात दाखवा. हृदयाचे ठोके नंतरही बिघडू शकतात.

सभासदांपैकी एकानं विचारलं होतं, भाड्याच्या घरात खड्डा कोण करणार? खड्डा घरमालकानं करायचा, त्याच्याशी बोला. तोपर्यंत निदान कुलरच्या आणि फ्रीजरच्या लाइनवर ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी स्वतःच्या खर्चानं बसवून घ्या, घर सोडताना ती काढून नेता येते. आणि ज्यांच्याकडे खड्डा आहे त्यांनी फाल्गुन संपला की नरसाळ्यातून आठवड्याला एक-दोन बादल्या पाणी सोडत जावं. त्या घरचा जुना खड्डा दोन दिवस पाणी मुरवून पुन्हा मोजला, तेव्हा २८ चे १९ ओहम झाले होते, फक्त पाण्यानं.